अँग्लर माशाचा नर मादीत खरंच विरघळतो का?

प्रश्न: "तेनेरीफजवळच्या त्या काळ्या अँग्लर माशाचा व्हिडिओ पाहिला. खाली सगळे लिहीत होते की याचा नर मादीला चावतो, हळूहळू तिच्या अंगात विरघळून जातो आणि शेवटी फक्त वृषणं उरतात. खरंच असं होतं का? माझ्या काकांची किडनी बदलली तर त्यांना जन्मभर गोळ्या आहेत. मग या मादीचं शरीर आख्खा दुसरा मासा कसं काय सहन करतं?"

तुमचा दुसरा प्रश्न पहिल्यापेक्षा अवघड आहे, आणि त्याचं बऱ्यापैकी समाधानकारक उत्तर मिळालं तेही अगदी अलीकडे, २०२० मध्ये. पण त्याच्याकडे जायच्या आधी पहिल्या प्रश्नातला गुंता सोडवावा लागेल, कारण व्हिडिओखालच्या त्या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या माशांची माहिती एकत्र कालवली गेली आहे. मी खोल समुद्रातल्या माशांच्या जतन केलेल्या नमुन्यांवर काम करते. म्हणजे मी जे सांगणार ते बरणीतला मासा ट्रेमध्ये काढून, सूक्ष्मदर्शकाखाली बघून बनलेलं मत आहे. अशी जोडी पाण्यात जिवंत पाहिलेली माणसं जगात बोटांवर मोजण्याइतकीच आहेत, आणि मी त्यांच्यात नाही.

२०२५ च्या सुरुवातीला स्पेनच्या तेनेरीफ बेटाच्या किनाऱ्याजवळ भर दिवसा पृष्ठभागाशी पोहताना दिसलेला तो मासा म्हणजे मेलानोसेटस जॉन्सोनी या जातीची मादी. तिच्या जातीत नर मादीला कायमचा जोडला जात नाही. तो जबड्यानं तिला पकडतो, काही काळ तसाच लटकतो, आणि प्रजननाचं काम झालं की सुटतो, असं आज मानलं जातं. म्हणजे जिच्यामुळे ही सगळी चर्चा सुरू झाली, तिलाच ती गोष्ट लागू नाही. कपाळावरच्या दांडीच्या आमिषानं भक्ष्याला भुलवणाऱ्या खोल समुद्रातल्या या अँग्लर माशांच्या दीडशेहून अधिक जाती आहेत, अकरा कुळांत वाटलेल्या. त्यांपैकी दोन डझनांच्या आसपास जातींतच नर मादीला खरोखर जुळलेला सापडला आहे. बाकीच्यांत काहींचे नर तात्पुरते चिकटतात, आणि कित्येक जातींचे तर नरच अजून हाती लागलेले नाहीत. त्यामुळे "अँग्लर माशाचा नर अमुक करतो" असं सरसकट वाक्य कुठे दिसलं, की मी आधी विचारते, कोणत्या जातीचा?

हा फरक आम्हाला रोजच्या कामात फार जपावा लागतो. जाळं वर येतं तेव्हा शेकडो मीटर खोलीवरून आलेले मासे, कोळंबी, जेलीफिश सगळं एका पिशवीत दाबलं गेलेलं असतं. त्या गर्दीत कुणीही कुणाला चावू शकतं. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला एक नमुना प्रसिद्ध झाला. सेंट्रोफ्रायनी नावाच्या वेगळ्याच कुळातल्या मादीला मेलानोसेटस जॉन्सोनीचा नर धरून बसला होता. जात वेगळी, कुळही वेगळं, आणि ऊतकांची जुळणी मुळीच नाही. हा जाळ्यातला अपघात होता की अंधारात नराची खरोखरच चूक झाली होती, यावर वाद घालता येतो. पण "नर चिकटलेला सापडला" एवढ्यावरून काहीही सिद्ध होत नाही, हे त्या एका नमुन्यानं पक्कं केलं.

मग जुळलेला नर ओळखायचा कसा? मी स्पिरिटातला नमुना ओला ठेवूनच ट्रेमध्ये घेते आणि जोडाच्या कडेनं एक बोथट सुई फिरवते. नुसता चावा असेल तर नराचे जबडे आणि मादीची त्वचा यांच्यामध्ये फट सापडते, सुई आत सरकते, जबडा हलतो, आणि खाली दातांच्या खुणा दिसतात. जुळलेला असेल तर सुई अडते. नराच्या तोंडानंतर मादीची काळी त्वचा कुठे सुरू झाली ते सांगता येत नाही, एकाच त्वचेची घडी पडल्यासारखी ती सलग जाते. बहुतेक वेळा मादीच्या अंगातून मांसाचा एक छोटा उंचवटा नराच्या तोंडात गेलेला असतो आणि नराच्या वरच्या जबड्याचं टोक व खालच्या जबड्याचं टोक त्याला एकजीव झालेलं असतं. पण तोंडाच्या दोन्ही कोपऱ्यांशी बहुधा एकेक छोटं भोक उरतं. या भोकांकडे लक्ष ठेवा, पुढे त्यांचं काम आहे.

आता एकच जात घेऊन नीट बघू. सेराटियास हॉलबेली. अँग्लर माशांमधली ही सगळ्यांत मोठी जात. मादी सव्वा मीटरच्या आसपास जाऊ शकते. मोकळा फिरणारा नर मात्र एक-दोन सेंटिमीटरचा, भाताच्या शितापेक्षा थोडा मोठा. मोठी मादी आणि असा मोकळा नर यांची तुलना केली तर लांबीत साठपटींहून अधिक आणि वजनात सुमारे पाच लाखपटींचा फरक पडतो.

१९२२ मध्ये आइसलँडचे मत्स्यशास्त्रज्ञ ब्यार्नी सायमुंडसन यांनी या जातीच्या एका मादीचं वर्णन छापलं. तिच्या पोटाला दोन छोटे मासे तोंडानं चिकटलेले होते. त्यांनी ती तिची पिल्लं समजली, आणि पिल्लं आईला अशी कशी चिकटली याचा उलगडा होत नाही, पुढच्या कुणीतरी तो करावा, असं प्रांजळपणे लिहून ठेवलं. तीन वर्षांनी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये चार्ल्स टेट रीगन यांनी मादीला चिकटलेला असाच एक छोटा मासा चिरून पाहिला. पिल्लाच्या पोटात जे असायला हवं ते आत नव्हतं. पचनसंस्था नावापुरती उरली होती आणि वृषण मात्र पूर्ण वाढलेलं होतं. म्हणजे तो प्रौढ नर होता. गंमत अशी, की मोकळे फिरणारे असे छोटे नर त्याआधीही जाळ्यात येत होते, पण ते माद्यांपेक्षा इतके वेगळे दिसायचे की त्यांना स्वतंत्र कुळाचे मासे ठरवून वेगळी नावं दिली गेली होती. १९३० मध्ये अल्बर्ट पार यांनी ही दोन टोकं जोडून दाखवली, आणि डेन्मार्कच्या डाना मोहिमांत जमलेल्या नमुन्यांवर एरिक बर्टेलसन यांनी १९५१ मध्ये या सगळ्या माशांचं पिल्लांपासून प्रौढांपर्यंतचं चित्र उभं केलं. आजही टेबलावर पिल्लू आलं की आम्ही आधी बर्टेलसन उघडतो.

रीगन यांनी त्या नराला मादीचं निव्वळ उपांग म्हटलं होतं, पोषणासाठी संपूर्णपणे तिच्यावर अवलंबून असलेलं. "विरघळतो आणि फक्त वृषणं उरतात" ही आजची गोष्ट त्याच वाक्याची शंभर वर्षांत फुगलेली आवृत्ती आहे, असं मला वाटतं. रीगन चूक नव्हते, पण उपांग म्हणजे अवशेष नव्हे. मी पाहिलेल्या जुळलेल्या नरांना पर असतात, शेपूट असते, मणके असतात, कल्ले असतात. आतडं निकामी होतं हे खरं. डोळे बऱ्याच जातींत झिजतात हेही खरं. पण मासा म्हणून तो आख्खा असतो.

शिवाय तो विरघळायच्या ऐवजी वाढतो, आणि हे कुणी सांगतच नाही. मोकळा नर एक-दोन सेंटिमीटरचा असतो असं वर म्हटलं. सेराटियासच्या मादीला जुळलेले नर मात्र १६ सेंटिमीटरपर्यंतचे मिळाले आहेत. लांबी दहापट झाली, म्हणजे अंग सुमारे हजारपट भरलं. या माशाचं तोंड मादीच्या मांसानं बुजलेलं आहे, आतडं काम करत नाही, तो काही गिळू शकत नाही. मग हे हजारपट मांस आलं कुठून? मादीच्या रक्तातून येण्याशिवाय दुसरी वाट नाही. जोडाचे पातळ काप करून पाहिलं की दोघांच्या रक्तवाहिन्या त्या भागात एकमेकींत मिसळलेल्या दिसतात. पण ते काप काही नमुन्यांचेच झाले आहेत. नराची वाढ कुठल्याही मोठ्या नमुन्यावर नुसत्या मोजपट्टीनं दिसते, म्हणून मला तो पुरावा जास्त भक्कम वाटतो.

प्राणवायूचं गणित थोडं वेगळं आहे, आणि इथे ती तोंडाच्या कोपऱ्यांतली भोकं कामाला येतात. तिथून पाणी आत येऊन कल्ल्यांवरून बाहेर जाऊ शकतं. म्हणजे अन्न मादीकडून, पण श्वास निदान काही प्रमाणात स्वतःचा. नराचं हृदयही त्याचं स्वतःचंच असतं. हापूसच्या कलमात खुंट आणि वरची काडी एकजीव होतात, रस खालून वर जातो, तरी काडी काडीच राहते आणि फळ तिचंच लागतं. नर-मादीचा हा जोड साधारण तसा समजा. फरक एवढाच की झाडाला आपलं-परकं ओळखून हल्ला करणाऱ्या पांढऱ्या पेशी नसतात, आणि माशाला असतात. तुमच्या काकांचा प्रश्न इथेच येतो. पण त्याआधी नर तिथवर पोचतो कसा ते थोडक्यात.

पिल्लं उथळ पाण्यात वाढतात, साधारण पहिल्या दोनशे मीटरांत, जिथे उजेड आणि खाणं असतं. ती जेलीच्या फुगीर गोळ्यासारखी दिसतात. कपाळावर आमिषाच्या दांडीचा कोंब दिसला तर ती मादी, नाहीतर नर. मग रूपांतर होऊन ती खोल उतरतात, हजार मीटर आणि त्याखाली. तिथे मादी आमिष पेटवून एका जागी थांबते आणि खाते. जुळणाऱ्या कुळांतला नर मात्र खाणंच सोडतो. त्याचे पिल्लपणीचे दात जातात, जबड्याच्या टोकांशी आकड्यांसारख्या दातांची चिमट्याजोगी रचना तयार होते. तिचा शिकारीला उपयोग नाही, ती फक्त धरून ठेवायला. तिथून पुढे तो यकृतातल्या साठ्यावर जगतो आणि मादी शोधतो. ती वेळेत सापडली नाही तर संपला.

शोधायचं कशानं, हे पुन्हा जातीवर अवलंबून आहे. बहुतेक कुळांत नराच्या नाकपुड्या डोक्याच्या मानानं प्रचंड असतात, त्यावरून तो मादीनं पाण्यात सोडलेल्या वासाच्या मागावर जातो असा तर्क केला जातो. पण सेराटियासच्या कुळात नेमकं उलटं. नाकपुड्या लहान आणि डोळे वाटीसारखे मोठे. हा नर मादीचा उजेड बघून येत असावा. प्रत्येक जातीच्या मादीचं आमिष वेगळ्या घडणीचं असतं, आमिषावरूनच आम्ही माद्यांच्या जाती ओळखतो, तेव्हा जवळ आल्यावर नरालाही ते उपयोगी पडत असेल. लिनोफ्रायनी नावाच्या माशाच्या नराकडे दोन्ही आहे, मोठं नाक आणि नळीसारखे पुढे आलेले डोळे.

एक गोष्ट सगळीकडे छापलेली असते, की नर चावल्यावर एक विकर सोडतो आणि त्यानं दोघांची त्वचा विरघळून सांधली जाते. बरणीतल्या नमुन्यावर विकर दिसत नाही. दिसतो तो मादीच्या बाजूनं वाढून आलेला मांसाचा उंचवटा. म्हणजे जोड निदान अर्धा तरी मादी बनवते. नर चावतो, आणि तिचं शरीर त्या जागी जखम भरल्यासारखी वाढ करतं. चाव्यापासून पूर्ण जोडापर्यंतचे टप्पे एकाच जोडीत कुणी पाहिलेले नाहीत, वेगवेगळ्या अवस्थांतले नमुने शेजारी ठेवूनच क्रम लावावा लागतो. म्हणून याला इतके दिवस लागतात, तितके आठवडे लागतात, अशी आकडेवारी कुठे दिसली तर सोडून द्या.

सेराटियासच्या कुळात आणखी एक गोष्ट दिसते, आणि तिच्यामुळे हा प्रकार नुसती सोय उरत नाही. मोकळ्या नरांत वृषण पिकलेलं सापडत नाही. नर न जुळलेल्या माद्यांत पिकलेली अंडी सापडत नाहीत, त्या अंगानं चांगल्या मोठ्या असल्या तरी. जुळल्यावरच दोघं वयात येतात. म्हणजे त्यांच्यात काहीतरी संदेश दोन्ही दिशांनी जात असणार, आणि तो रक्तातूनच जाणं सयुक्तिक आहे. कॉलोफ्रायनीसारख्या काही माशांत मात्र एवढी सक्ती नसावी असं मानतात, तिथे नर जुळतोही आणि न जुळताही दोघं पिकू शकतात. या कॉलोफ्रायनीच्याच एका जोडीचं जिवंत चित्रण २०१८ मध्ये जगासमोर आलं. अझोर्स बेटांतल्या साओ जॉर्जजवळ सुमारे ८०० मीटर खोलीवर, एका छोट्या पाणबुडीतून कर्स्टन आणि योआखिम याकोबसेन या दांपत्यानं ते टिपलं होतं. मादी वीतभरही नाही, भोवती परांचे लांबच लांब उजळलेले तंतू, आणि पोटाखाली लटकलेला नर. जुळलेली जोडी जिवंत अवस्थेत प्रथमच दिसली ती त्यात. त्याआधीची जवळजवळ शंभर वर्षं आम्ही फक्त मेलेल्या माशांवरून बोलत होतो.

तर इथवर एवढं, की नर जातीनुसार नुसता धरतो किंवा कायमचा जुळतो, जुळला तर वाढतो, आणि जिवंत मासा म्हणूनच राहतो. आता तो मादीला चालतो कसा.

तुमच्या काकांच्या शरीरात नवी किडनी आली तेव्हा काय झालं असेल ते आधी बघू. प्रत्येक पेशीच्या पृष्ठभागावर ओळखपत्रासारखी प्रथिनं असतात, आणि ती माणसागणिक वेगळी असतात. पांढऱ्या पेशींपैकी टी-पेशी ती तपासत फिरतात. परकं ओळखपत्र दिसलं की हल्ला. काही पेशी थेट मारतात, काही प्रतिपिंडं बनवायला लावतात. काकांच्या गोळ्या ही तपासणी रोज थोडी झोपवून ठेवतात. गोळ्या थांबवल्या की किडनी धोक्यात. आणि अँग्लर माशात तर एका अवयवाची बाब नाही, सगळं शरीर परकं. वर हल्ला दोन्ही बाजूंनी होऊ शकतो, मादीच्या पेशी नरावर आणि नराच्या पेशी मादीवर.

इतकी वर्षं अंदाज असा होता की जोडाच्या जागी काहीतरी खास आडपडदा असेल, किंवा नर मादीच्या ओळखपत्रांची नक्कल करत असेल. २०२० मध्ये जर्मनीतल्या फ्रायबुर्गच्या मॅक्स प्लांक संस्थेतले थॉमस बोएम, जेरेमी स्वान आणि वॉशिंग्टन विद्यापीठातले थिओडोर पीट्श व त्यांचे सहकारी यांनी दहा जातींच्या अँग्लर माशांचे जनुक वाचले. पीट्श हे या माशांवर आयुष्यभर काम केलेले गृहस्थ. संग्रहांमधून नीट जपलेले ऊतकांचे तुकडे मिळवणं हेच त्यातलं अर्धं काम होतं, कारण फॉर्मेलिनमध्ये बुडवलेल्या जुन्या नमुन्यांतून असं वाचन करणं फार कठीण जातं. त्यांना सापडलं ते आडपडद्यापेक्षा कितीतरी उघडंवाघडं होतं. गोळ्या जी यंत्रणा रोज दाबून ठेवतात, ती यंत्रणाच या माशांनी मोडीत काढली आहे. आणि ती एका फटक्यात नाही, टप्प्याटप्प्यानं.

ज्यांचे नर तात्पुरते चिकटतात, त्या जातींत एआयसीडीए नावाचा जनुक निकामी झालेला आहे. हा जनुक प्रतिपिंडांना धार लावतो. संसर्गानंतर शरीर पहिल्यांदा ओबडधोबड प्रतिपिंडं बनवतं, मग त्यांत बारीक बदल करत करत अधिक घट्ट पकडणारी निवडतं, आणि त्यासाठी हा जनुक लागतो. तो गेला की प्रतिपिंडं बनतात, पण बोथट राहतात. नर काही काळच लटकणार असेल तर एवढी ढिलाई पुरत असावी.

ज्यांचे नर कायमचे जुळतात त्यांच्यात याच्या जोडीला आणखी भाग गेलेले आहेत. आणि काही जातींत तर थेट रॅग जनुकच निकामी झाले आहेत. टी-पेशी आणि प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी-पेशी यांचे ग्राहक, म्हणजे परकं ओळखणारी प्रथिनं, बनवताना जनुकांचे तुकडे कापून वेगवेगळ्या क्रमानं जोडले जातात, त्यामुळेच आपल्या शरीराला कधी न पाहिलेला जंतूसुद्धा ओळखता येतो. ही कापाकापी रॅग करतात. ते नाहीत म्हणजे आपण ज्याला शिकलेली प्रतिकारशक्ती म्हणतो ती जवळपास पूर्णच नाही. माणसाच्या बाळात हे जनुक जन्मतः निकामी असतील तर त्याला साधा संसर्गही झेपत नाही आणि अस्थिमज्जेचं रोपण केल्याशिवाय ते सहसा वाचत नाही. हे मासे मात्र त्याच अवस्थेत समुद्रात मोठे होतात, अंडी घालतात.

म्हणजे नराला न नाकारण्याची किंमत मादीनं, आणि नरानंही, प्रतिकारशक्तीत चुकवली आहे. मग जंतूंचं काय? प्रतिकारशक्तीची दुसरी, उपजत बाजू उरते. जंतू गिळणाऱ्या पेशी, जंतूंना भोकं पाडणारी प्रथिनं, श्लेष्मल आवरणं. त्या बाजूनं जास्तीचा भार उचलला असणार, नाहीतर हे मासे आज दिसलेच नसते. पण नेमका कसा, ते जनुकांच्या यादीवरून कळत नाही. यादी काय नाही एवढंच सांगते. त्यासाठी जिवंत मासा लागतो, आणि वर आणलेला खोल पाण्यातला अँग्लर फार टिकत नाही. मला स्वतःला यात फार नवल वाटत नाही, कारण माशांच्या प्रतिकारशक्तीनं याआधीही असे धक्के दिले आहेत. अटलांटिक कॉड या रोजच्या खाण्यातल्या माशाकडे ओळखपत्रांच्या यंत्रणेचा एक आख्खा विभाग नाही हे २०११ मध्ये कळलं, आणि कॉड तर थव्यांनी जगतो.

आधी प्रतिकारशक्ती ढासळली आणि म्हणून जुळणं शक्य झालं, की जुळण्याचा फायदा इतका होता की प्रतिकारशक्तीला गळती लागली? याबाबत माझा कल पहिल्या शक्यतेकडे आहे. तात्पुरते चिकटणाऱ्यांतही एआयसीडीए गेलेला आहे. नर सुटून जाणार असेल तर एवढं मोठं शस्त्र टाकून द्यायची गरज तशी कमी. तेव्हा पहिली ढिलाई आधी झाली असावी, आणि ज्यांच्यात नर थोडे जास्त वेळ लटकायला लागले त्यांच्यात पुढची गळती सुरू झाली असावी. उलट बाजूनं बोलणाऱ्यांचं म्हणणं असं, की काही तास टिकणाऱ्या चाव्यातही जखम असते, रक्त असतं, परक्या पेशी आत जातात, तेव्हा निवडीचा दाब तिथूनच सुरू होतो. दोन्ही म्हणणी दहा जातींच्या जनुकांत बसतात. अजून वीसेक जाती, आणि विशेषतः कॉलोफ्रायनीसारखे मधले मासे वाचले गेले की बरंच स्पष्ट होईल. मधल्या माशांत यंत्रणा जवळजवळ शाबूत निघाली तर माझं म्हणणं बारगळलं.

एका मादीला किती नर, हेही लोक नेहमी विचारतात म्हणून सांगून टाकते. लिनोफ्रायनीत बहुधा एकच, पोटाच्या मध्यरेषेवर, गुदद्वाराच्या थोडा पुढे, तोंड मादीच्या डोक्याच्या दिशेला आणि स्वतः उलटा. क्रिप्टोप्सारस कूएसीच्या एका मादीवर आठपर्यंत नर मोजले गेले आहेत. जागा आणि मापं मात्र सगळ्यांची सारखी नसतात. फोटोकोरिनस स्पिनिसेप्सच्या ४६ मिलिमीटरच्या मादीच्या पाठीवर जुळलेला नर ६.२ मिलिमीटरचा होता, पूर्ण वयात आलेला, पृष्ठवंशी प्राण्यांमधल्या सर्वांत लहान प्रौढांपैकी एक. त्याच्या पोटात वृषणानं जवळपास सगळी जागा व्यापलेली होती. "फक्त वृषणं उरतात" हे वाक्य कुठल्या माशाच्या सर्वांत जवळ जात असेल तर याच्या, आणि त्यालाही पर, कल्ले आणि शेपूट होतीच.

पुढच्या वेळी असा फोटो कुणी पाठवला तर त्यात एवढं बघा: जात कोणती ते लिहिलंय का, आणि नराच्या तोंडाशी त्वचा सलग दिसते की फट आहे. फट दिसली तर तो पाहुणा आहे.